मदत हवी आहे: मानसोपचाराच्या संदर्भ चिठ्ठीत ‘वेडसर वागते’ऐवजी काय लिहू?

उपकेंद्रताई: मी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. २६ वर्षांची बाळंतीण, बाळ सहा आठवड्यांचं. तिला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाकडे पाठवायचंय. जुन्या चिठ्ठ्या बघून मी लिहिलं: ‘सदर महिला मनोरुग्ण असून वेडसर वागते. बाळाकडे लक्ष देत नाही. मरण्याची धमकी देते.’ परत वाचलं आणि मलाच कसंतरी झालं. चिठ्ठी सासूबाईंच्या हातून जाणार आहे.

माधवी_क: ‘अशक्तपणा, सल्ल्यासाठी पाठवत आहे’ एवढंच लिहा ना. घरचे वाचतातच.

डॉ_सातपुडा: वाचतात हे खरं. पण तेवढंच लिहिलं तर लोहाच्या गोळ्या देऊन तिला परत पाठवतील. ‘वेडसर’ खोडा आणि तुम्हाला दिसलं काय ते लिहा. झोप किती? बाळ झोपल्यावरही येत नाही का? ‘धमकी’ हा शब्द कोणाचा? तिला एकटीला विचारलंत का, की आवाज ऐकू येतात का, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार येतात का? यातलं काही असेल तर शब्द घासत बसू नका. आजच १०८ बोलवा, तोवर तिला एकटं सोडू नका.

उपकेंद्रताई: सासूबाई बाहेर गेल्यावर विचारलं. आवाज नाहीत, बाळाबद्दल तसलं काही नाही, काही ठरवलेलंही नाही. ‘धमकी’ सासूबाईंचा शब्द. ती एवढंच म्हणाली, ‘मी नसले तरी कुणाचं अडणार नाही.’ दोन आठवडे रात्री जेमतेम तीन तास झोप, बाळ शांत असलं तरी. आणि बाळाकडे लक्ष नाही हे खोटंच आहे. पाजताना ती भिंतीकडे बघत होती, पण हात बाळाची टोपी सारखी नीट करत होता. हिमोग्लोबिन ८.४.

बापू६१: माझ्या भावाच्या चिठ्ठीवर ‘वेडाचा झटका’ लिहिलं होतं. ते वाचून तो फाटकातूनच परतला, पुढे चार वर्षं गेला नाही. या बाईंना नोकरी आहे का? कार्यालयात चिठ्ठी देऊ नका.

डॉ_सातपुडा: बापू, ही चिठ्ठी डॉक्टरांसाठीच आहे. ताई, असं लिहा:

‘प्रसूतीस सहा आठवडे. दोन आठवड्यांपासून बाळ झोपलेले असतानाही झोप सुमारे तीन तास. बाळाला पाजते, जपते. आज एकांतात म्हणाली: “मी नसले तरी कुणाचं अडणार नाही.” ठरवलेला बेत, बाळाला इजा करण्याचे विचार, आवाज ऐकू येणे: विचारले असता नाही म्हणाली. हिमोग्लोबिन ८.४, थायरॉईड तपासलेले नाही. स्तनपान सुरू. प्रसूतीनंतरच्या नैराश्याच्या दृष्टीने लवकर तपासावे. तिच्या संमतीने पाठवत आहे.’

थायरॉईड बिघडलं तरी असंच दिसू शकतं, आणि स्तनपान कळलं की औषध त्या बेताने निवडतात. पाठवायला उद्याच्या पुढे जाऊ नका. चिठ्ठी आधी तिला वाचून दाखवा.

उपकेंद्रताई: वाचून दाखवली. टोपीचं सांगितलं तेव्हा रडली. पण ‘मी नसले तरी’ हे वाक्य काढा म्हणते, सासूबाई वाचतील म्हणून.

डॉ_सातपुडा: मग तिला विचारून ते वाक्य डॉक्टरांना फोनवर सांगा. बाकी चिठ्ठी बंद पाकिटात द्या. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तिला गोपनीयतेचा हक्क आहे.

माधवी_क: बंद पाकीट पाहून तर सासूबाई पहिल्यांदा तेच उघडतील.

उपकेंद्रताई: मलाही तीच भीती आहे. उद्या सकाळी आशाताई सोबत जायला तयार आहेत, पाकीट त्यांच्याकडे दिलं तर चालेल का?