प्रति: आधी कोपरे बघा
«चौकोनी जाळी तर कितीतरी शहरांत असते, मग हे बार्सिलोनाच कशावरून?»

उपग्रहाच्या फोटोवरून शहर ओळखताना रस्त्यांची जाळी सोडा, कोपरे बघा. बार्सिलोनाच्या एशाम्प्ले भागात इमारतींच्या चौकोनांचे कोपरे छाटलेले आहेत, त्यामुळे झूम केलं की प्रत्येक चौक अष्टकोनी दिसतो. नगररचनाकार सेर्दाच्या १८५९ च्या आराखड्यातल्या चौकोनाची बाजू सुमारे ११३ मीटर. स्केल असेल तर मोजाच. जाळीला छेदणाऱ्या नुसत्या तिरक्या रस्त्यावर विसंबू नका, अर्जेंटिनातलं ला प्लाताही तसंच फसवतं. पण ते समुद्रकाठी नाही, बार्सिलोनाच्या बंदराची लांबलचक लाटरोधक भिंत मात्र लपत नाही.

फोटो फिरवलेला वाटला तर दिशा कळायला विमानतळाच्या धावपट्टीवरचा आकडा वाचा. २५ म्हणजे उत्तरेपासून साधारण २५० अंश, जवळपास पश्चिमेकडची दिशा, पण तो रंगवलेला असतो पूर्वेच्या टोकाला. इथेच बरेच जण उलटे फिरतात.