मदत हवी आहे: जाहिरातीतला 'बरा होतो' दावा स्क्रिप्टला सापडतच नाहीये

कर्वेरोडकर: नमस्कार मंडळी, आम्ही छोट्या फूड ब्रँड्सच्या जाहिराती लिहितो, तर छपाईला देण्याआधी मजकूर बंदी असलेल्या दाव्यांच्या यादीशी ताडून बघायचा आणि अडकलेली वाक्यं जशीच्या तशी परत द्यायची एवढंच पायथॉनमध्ये करतेय. यादी एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांवरून काढलीय, त्यात सध्या 'बरा', 'वजन', 'रामबाण' असे शब्द आहेत. नाचणी लाडवाचा मजकूर असा: "या लाडवांनी मधुमेह बरा होतो. वजन झरझर उतरतं. शुगरचा त्रास आहे? मग रोज दोन लाडू खा." परत येतं फक्त वजनाचं वाक्य! का??

```python
re.search(r"\bबरा\b", vakya)
```

गूळखोबरं: मधुमेहाचं नावच काढा ना, लाडू गुळाचे असतील तर सरळ शुगर फ्री लिहा, विषय संपला.

पेठेतला_जुना: गूळ म्हणजे साखरच हो, शुगर फ्री लिहायला १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमच्या वर चालत नाही. रोगाचं नाव काढायचं म्हणताय ते मात्र बरोबर.

आता कोड. पायथॉनचं `re` काना-मात्रा-वेलांटीला अक्षर धरत नाही, त्यामुळे 'बरा' मधल्या कान्यानंतर स्पेस आली की दोन्हीकडे 'अक्षर नाही' आणि `\b` ला सीमा मिळतच नाही. 'वजन' चा शेवट न ने होतो म्हणून ते सापडलं. उजवीकडची सीमा सोडून द्या, डावीकडे असं लावा:

```python
re.search(r"(?<![\u0900-\u097F])बरा", vakya)
```

बरी, बरे, बरं वेगळे घाला. पण मग "बराच वेळ भूक लागत नाही" हेही अडकेल, म्हणून एकट्या 'बरा' वर जाऊ नका, रोगाचं नाव आणि बरं करण्याचा शब्द जोडीने शोधा. तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत रोग एकात आणि सल्ला दुसऱ्यात, एकेक वाक्य बघून ते कधीच सापडणार नाही, लागून असलेली दोन-दोन वाक्यं एकत्र तपासा, रोगाचं नाव आणि 'रोज खा' असा सल्ला हीपण एक जोडी धरा, आणि अडकली तर दोन्ही परत द्या.

पापडवाली_मावशी: आमच्या पापडाच्या पाकिटावर 'घरगुती चव' आहे हो, मशीनवर लाटतो पण, चालतं ना?

पेठेतला_जुना: मावशी, 'होममेड' सारख्या शब्दांनी गिऱ्हाइकाचा गैरसमज होत असेल तर ते नियमात बसत नाहीत. 'घरगुती चव' त्यात मोडतं का, हे परवान्याचं काम बघणाऱ्याला विचारा, मी छातीठोक सांगणार नाही.

कर्वेरोडकर: चाललं!! लाडवाची चारही वाक्यं आली, थँक्यू. पण आता "याने मधुमेह बरा होत नाही, डॉक्टरांना विचारून खा" हेही अडकतंय, 'नाही' असलेलं वाक्य सोडून देऊ का?

पेठेतला_जुना: नको. उद्या कोणी "मधुमेह बरा होत नाही असं आता म्हणूच नका" लिहील आणि ते सुटून जाईल. वेगळी खूण लावून परत द्या, माणूस वाचेल.