मदत हवी आहे: आरएसीचे मिनिट्स सोमवारी द्यायचेत, तीन रकान्यांत काय लिहू?

विहीरवाटा
आमची आरएसी, म्हणजे पीएचडीच्या प्रगतीचा आढावा घेणाऱ्या सल्लागार समितीची मीटिंग, झाली. गाईड म्हणाले, मिनिट्सचा ड्राफ्ट तूच कर, मी वाचून सही करतो. सोमवारी पीएचडी सेलकडे जायला हवेत. फॉर्ममध्ये तीन रकाने आहेत: समितीचा अभिप्राय, ठरलेली उद्दिष्टं, आणि पुढच्या आढाव्याआधी विद्यार्थ्याची जबाबदारी. मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलत होते. माझ्या वहीत एवढंच उतरलंय: "विहिरी वाढवा, ६०", "डेटा क्वालिटी सुधारा", "पोस्ट-मान्सून करा, तुलना हवी", "एक पेपर पाठवा". हे चार मुद्दे तीन रकान्यांत कसे बसवायचे? कुणाकडे चांगला नमुना असेल तर प्लीज टाका. घाईत आहे.

शोधयात्री
सोपं आहे. चारही मुद्दे तिन्ही रकान्यांत थोडे शब्द बदलून लिहा. आमच्या डिपार्टमेंटमध्ये सगळे तेच करतात, कुणी वाचत नाही. पेपरचा मुद्दा मात्र ठळक लिहा, कारण यूजीसीच्या नियमाप्रमाणे थिसिस देण्याआधी पेपर लागतोच.

मुळाकाठ
शोधयात्री, पेपरची ती अट २०१६ च्या नियमावलीत होती. नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत यूजीसीने ती ठेवलेली नाही. विद्यापीठाने स्वतःच्या ऑर्डिनन्समध्ये ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. आणि "कुणी वाचत नाही" हे तर मुळीच खरं नाही. प्रगती असमाधानकारक वाटली तर समितीने कारणं नोंदवून सुधारणा सुचवायच्या असतात. त्या झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस समिती करू शकते. तेव्हा हाच कागद समोर ठेवतात.

विहीरवाटा, आधी हे सांगा: मीटिंग कधी झाली, पुढची कधी आहे, प्रगतीवर शेरा काय मिळाला, आतापर्यंत सॅम्पलिंग किती आणि केव्हाचं आहे, आणि विषय नेमका काय? विहिरींवरून भूजल असावं असा अंदाज करतोय.

विहीरवाटा
हो, भूजल. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला, फ्लोराइड. मागच्या मे महिन्यात ४२ विहिरी आणि हातपंपांचे नमुने घेतले. मीटिंग २२ जानेवारीला झाली, पुढची जुलैत. शेरा समाधानकारक. पण मला नमुना हवाय, विषयावर चर्चा नको.

पैठणकर_ताई
आमच्या माहेरी त्याच भागात बोअरचं पाणी आहे. फ्लोराइडसाठी आरओ चालतो का? भावाच्या मुलाच्या दातांवर तपकिरी डाग आलेत. पाणी उकळून प्यायला सांगितलंय कुणीतरी.

मुळाकाठ
ताई, उकळून फ्लोराइड जात नाही. वाफ उडते आणि उरलेल्या पाण्यात ते थोडं वाढतंच. आरओने कमी होतं. पण आधी बोअरची तपासणी करून घ्या. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

विहीरवाटा, तुमच्या तारखांमध्येच मोठी अडचण आहे. जानेवारीत मीटिंग, जुलैत पुढची, आणि वहीत "पोस्ट-मान्सून करा". पावसाळ्यानंतरचे नमुने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घेतात. जुलैपर्यंत ते कुठून येणार? "पुढच्या आढाव्याआधी विद्यार्थ्याची जबाबदारी" या रकान्यात ते गेलं, तर जुलैत तुम्ही एक काम न केलेली विद्यार्थिनी ठराल, आणि ते काम तेव्हा कुणालाच करता आलं नसतं. समितीतल्या कुणाच्या हे लक्षात आलं नाही?

विहीरवाटा
नाही आलं. "पुढच्या वेळी तुलना दाखव" असं म्हणाले आणि मी मान डोलावली. आता मिनिट्समध्ये तसं नाही लिहिलं तर गाईड म्हणतील की ठरलेलं बदललंस.

हायडेलबर्गचा_ओंकार
आमच्याकडे जर्मनीत थिसिस कमिटीचा रिपोर्ट विद्यार्थीच लिहितो आणि मग सगळे सह्या करतात. माझा सल्ला, मीटिंगच्या दुसऱ्या दिवशीच ड्राफ्ट सगळ्यांना मेल करायचा. आणि पुढच्या वेळी रेकॉर्डिंग करा, म्हणजे प्रश्नच मिटतो.

शोधयात्री
रेकॉर्डिंग वगैरे इकडे कोण करू देतं? आणि मिनिट्स विद्यार्थ्याने लिहायचेच नसतात. गाईड समितीचे संयोजक असतात, त्यांचं काम आहे ते. सरळ नाही म्हणून सांगा.

मुळाकाठ
गाईड संयोजक असतात हे बरोबर. शिफारसी संस्थेकडे पाठवायची जबाबदारी समितीची, हेही बरोबर. पण ड्राफ्ट विद्यार्थ्याने करू नये असं नियमावलीत कुठेही नाही, आणि "नाही" म्हणण्यात विहीरवाटांचंच नुकसान आहे. ड्राफ्ट हातात आहे म्हणूनच तर हा ऑक्टोबरचा घोळ आत्ता सापडला. पाठवलेल्या शिफारसींची प्रत विद्यार्थ्याला मिळायची असते, ती मात्र मागून घ्या.

विहीरवाटा, ठरलेलं बदलू नका. तारखेचा मुद्दा गाईडना आजच फोनवर सांगा. कुठल्याही भूजलवाल्याला तो एका वाक्यात पटेल. आता उरलेल्यांपैकी दोन मुद्द्यांबद्दल विचारतो. "६०" कोण म्हणालं, आणि बाकीचे हो म्हणाले का? "डेटा क्वालिटी" कशावरून निघालं?

विहीरवाटा
६० एक्स्टर्नल मेंबर म्हणाले. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, ४२ पुरेत, पण त्याच विहिरी दोन्ही ऋतूंत करा. गाईड गप्प होते. डेटा क्वालिटीचं असं, की माझ्या तक्त्यात ११ नमुन्यांचा आयन बॅलन्स, म्हणजे धन आणि ऋण आयनांच्या बेरजांमधला फरक, १० टक्क्यांच्या वर जात होता. एक्स्टर्नल म्हणाले, ते परत तपासा. बाटल्या फ्रीजमध्ये आहेत, परत तपासू शकते.

मुळाकाठ
चूक कुठल्या बाजूला जाते? धन आयन जास्त दिसतात की ऋण? आणि अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, विहिरीवर काढली होती की लॅबमध्ये आणून?

विहीरवाटा
धन जास्त, अकराही ठिकाणी. अल्कलिनिटी लॅबमध्ये. त्या दौऱ्यात फील्डवर टायट्रेशनची सोय नव्हती. हे अकरा नमुने शेवटच्या फेरीतले, लॅबमध्ये उशिरा पोचले.

मुळाकाठ
मग चूक बहुतेक बायकार्बोनेटमध्येच आहे. बाटली पडून राहिली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, थोडा कॅल्साइट तळाशी बसतो आणि अल्कलिनिटी कमी भरते. कॅल्शियमसाठीची बाटली आम्ल घालून ठेवली असेल तर कॅल्शियम पुरतं मोजलं जातं, म्हणून धन बाजू जड दिसते. आता आठ महिन्यांनी त्याच बाटल्या उघडून मोजलंत तर आकडा येईल, पण तो विहिरीतल्या पाण्याचा नसेल. म्हणून "११ नमुने परत तपासावेत" असं लिहूच नका. फ्लोराइड प्लास्टिकच्या बाटलीत बरंच टिकतं, ते आकडे वापरता येतील.

तुम्हाला नमुना हवा होता. मी तिन्ही रकान्यांसाठी मजकूर लिहून देतो, इंग्रजी तुम्ही करा.

अभिप्रायात: "मे महिन्यातील ४२ पैकी ११ नमुन्यांचा आयन बॅलन्स १० टक्क्यांहून अधिक असल्याचे बाह्य सदस्यांनी निदर्शनास आणले. अल्कलिनिटी प्रयोगशाळेत उशिरा मोजली गेल्याने हे झाले असावे, असे विद्यार्थिनीने कळवले."

उद्दिष्टात: "येत्या मे महिन्यात सर्व ४२ ठिकाणी पुन्हा नमुने घेऊन अल्कलिनिटी जागेवरच मोजणे. जुने ११ नमुने आयनांच्या विश्लेषणातून वगळून तक्त्यात तशी खूण करणे. पावसाळ्यानंतरचे नमुने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणून दोन ऋतूंची तुलना जुलैनंतरच्या आढाव्यात."

जबाबदारीत: "जुलैच्या आढाव्याच्या दोन आठवडे आधी मे महिन्याचा पूर्ण तक्ता, प्रत्येक नमुन्याच्या आयन बॅलन्ससह, सर्व सदस्यांना पाठवणे."

पहिल्या रकान्यात कोण काय म्हणालं ते येतं, दुसऱ्यात काय करायचं ठरलं, तिसऱ्यात तुम्ही जुलैत टेबलावर काय ठेवणार ते. "डेटा क्वालिटी सुधारणे" तिसऱ्यात लिहिलंत तर ते झालं की नाही यावर जुलैत पुन्हा वाद होईल. तक्ता एकतर पोचलेला असतो किंवा नसतो.

कृषिकन्या
आमच्या कृषी विद्यापीठात सल्लागार समितीचे वेगळेच छापील फॉर्म असतात, असे रकाने नसतात. माझ्या वेळी तर एका मेंबरची बदली झाली आणि सहीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागलं. सह्या लवकर घेऊन टाक गं.

हायडेलबर्गचा_ओंकार
पण "असे विद्यार्थिनीने कळवले" हे वाक्य कशाला? बचाव केल्यासारखं वाटतं. मिनिट्समध्ये समितीचं म्हणणं असावं, विद्यार्थ्याचं नको.

मुळाकाठ
ओंकार, ती मीटिंगमध्ये हे बोलली असेल तरच लिहायचं. विहीरवाटा, तुम्ही तिथे हे सांगितलं होतं का?

विहीरवाटा
हो, नमुने उशिरा पोचले हे सांगितलं होतं. एक्स्टर्नल "असू शकतं" म्हणाले.

मुळाकाठ
मग ठेवा. कारण नसेल तर वर्षभराने नवीन मेंबर येऊन विचारेल की ११ नमुने गाळले कशाला, सोयीचे आकडे ठेवले का.

हायडेलबर्गचा_ओंकार
मला तरी ते प्रोग्रेस रिपोर्टमध्ये जास्त शोभेल असं वाटतं.

विहीरवाटा
आणि ६० चं काय करू? आयन क्रोमॅटोग्राफ दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये आहे आणि दिवाळीपासून बंद आहे. गाईड म्हणाले होते, मी पत्र देतो.

मुळाकाठ
हे तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं! मशीन बंद असेल तर मे महिन्याचे नमुने कशावर करणार? फ्लोराइड इलेक्ट्रोडवर होईल, पण नायट्रेट थंड ठेवून दोन दिवसांत मोजायचं असतं, मशीन दुरुस्त होईपर्यंत ते थांबत नाही. मिनिट्समध्ये स्पष्ट लिहा: "यंत्रासाठी संबंधित विभागाला मार्गदर्शक फेब्रुवारीअखेर पत्र देतील. एप्रिलपर्यंत यंत्र सुरू न झाल्यास बाहेरच्या प्रयोगशाळेचा पर्याय ठरवतील." ही जबाबदारी त्यांची आहे. तुमच्या रकान्यात ती जाऊ देऊ नका.

६० बद्दल: समितीत एकमत झालेलं नाही, तेव्हा उद्दिष्टात ६० हा आकडा लिहू नका. अभिप्रायात दोन्ही मतं लिहा, आणि "विहिरींची संख्या मार्गदर्शक व बाह्य सदस्य १५ मार्चपर्यंत निश्चित करतील" असं लिहा. एप्रिलमध्ये जागा बघायला जायचं तर त्याआधी कळायला हवं.

शोधयात्री
गाईडच्या नावाने तारीख लिहायची? विद्यार्थ्याने? आमच्याकडे असं केलं असतं तर पुढची सही वर्षभर मिळाली नसती. तारीख काढा, "लवकरात लवकर" लिहा.

कृषिकन्या
शोधयात्रींचं हे मात्र पटतं. कागदावर बरोबर असलं तरी पुढची तीन वर्षं त्याच सरांबरोबर काढायचीत.

मुळाकाठ
मग ड्राफ्टमध्ये तारीख कंसात ठेवून शेजारी प्रश्नचिन्ह करा आणि सरांना विचारा की ही चालेल का. तारीख त्यांची त्यांनी भरली तर कुणाचा मान जात नाही. पण "लवकरात लवकर" नको. मे महिना त्यासाठी थांबणार नाही.

विहीरवाटा
सरांशी फोनवर बोलले. ऑक्टोबरचा मुद्दा त्यांना लगेच पटला. म्हणाले, तसंच लिही. मशीनच्या पत्राची तारीख त्यांनी स्वतःच २० फेब्रुवारी सांगितली. जुने ११ नमुने वगळायला मात्र तयार नाहीत. म्हणतात, खूण करून तक्त्यातच राहू देत, आयनांचं प्रमाण दाखवणाऱ्या पाइपर आकृतीतही वेगळ्या रंगात दाखव. ६० साठी एक्स्टर्नल सरांना मेल केलाय, उत्तर नाही. सोमवारपर्यंत नाही आलं तर दोन्ही मतं लिहून पाठवू का, की सेलकडे मुदत मागू?

मुळाकाठ
दोन्ही मतं लिहून पाठवा. मेल आल्यावर त्याची प्रत मिनिट्सला जोडता येते. वेगळ्या रंगाबद्दल मी सरांशी सहमत नाही. बायकार्बोनेट कमी भरलं असेल तर ते ठिपके आकृतीत चुकीच्या जागी पडतील, आणि वाचणारा त्यांचा खडकाशी संबंध लावेल. पण तो वाद जुलैत समितीसमोर मांडा.

पैठणकर_ताई
मुळाकाठ, वेगळा धागा काढलाय. बोअरचा रिपोर्ट टाकते उद्या.