प्रतिसाद: आधी अपोस्टिल, मग भाषांतर

> मुलीचा जन्म मिलानचा. इटालियन दाखला मराठीत करून द्यायचाय. आधी अपोस्टिल की आधी भाषांतर?

आधी अपोस्टिल. अपोस्टिल म्हणजे कागद अस्सल असल्याची, परदेशात चालणारी सरकारी खूण. त्याचा शिक्काही सहसा इटालियनमध्येच असतो, त्यामुळे तो लागल्यावर दाखला आणि शिक्का दोन्हींचं भाषांतर एकत्र होतं. मिलानच्या नगरपालिकेच्या, म्हणजे कोमुनेच्या, कागदावर अपोस्टिल तिथल्या प्रेफेत्तुरात, म्हणजे केंद्र सरकारच्या स्थानिक कार्यालयात, मिळतं.

पण त्याआधी हातातला कागद नीट वाचा. आईवडिलांची नावं आहेत का? 1955 च्या कायद्यापासून इटलीतल्या साध्या जन्मदाखल्यावर ती छापतच नाहीत. आपल्याकडे तर फॉर्म भरताना पहिला प्रश्न वडिलांच्या नावाचाच, आणि मूळ कागदावर जे नाही ते भाषांतरकार स्वतःहून घालू शकत नाही. तेव्हा कोमुनेकडे 'पातेर्निता ए मातेर्निता'सह, म्हणजे आईवडिलांच्या नावांसह, 'एस्त्रात्तो', म्हणजे नोंदीचा उतारा, मागा. नाहीतर मूळ नोंदीची पूर्ण प्रत, 'कॉपिया इंतेग्राले', घ्या. ती लांबलचक असते, भाषांतराचा खर्च वाढतो.

नावं देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहायला सांगा, शेजारी पासपोर्टवरचं रोमन स्पेलिंग जसंच्या तसं. विवाहाच्या दाखल्यावर बायकोचं माहेरचंच आडनाव दिसेल. इटलीत तीच पद्धत आहे, 'दुरुस्त' करू नका.