क्रीडा शिक्षकाचं स्वागताचं भाषण आणि सहाव्या लेनचे 31 मीटर

आर्याची आई
शनिवारी मुलीच्या शाळेत वार्षिक क्रीडा महोत्सव होता. संचलन आटोपलं आणि क्रीडा शिक्षक स्वागताला उभे राहिले, ते 22 मिनिटं बोलत होते. मुलं उन्हात सावधानमध्ये उभी. आठवीतली एक मुलगी उभ्या उभ्या कोसळली. या भाषणाची गरजच काय? मुलं पळायला आली होती, ऐकायला नाही. सरळ शिट्टी वाजवा आणि शर्यती सुरू करा.

फक्कीवाले सर
ताई, 22 मिनिटं बोलणारा माणूस चुकलाच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण ‘गरजच काय’ हे शब्द दोन दिवस डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी कराड भागात 26 वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतोय. पालकसभेत गणित, विज्ञान, इंग्रजी सगळे बोलतात. मला कोणी बोलवत नाही. सगळे पालक समोर आणि माईक माझ्या हातात, असं वर्षातून एकदाच होतं, क्रीडादिनाच्या सकाळी. तीही वेळ काढून घ्यायची असेल तर मग आम्ही नुसती फक्की मारायची आणि शिट्टी वाजवायची का?

भाषण लांबतं ते स्वागतामुळे नाही, सत्कारामुळे. पाहुण्यांचा परिचय, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नावं, शाल, श्रीफळ, प्रत्येकासोबत फोटो, हे सगळं आमच्याच गळ्यात मारलेलं असतं. मी तीन वर्षं मुख्याध्यापकांच्या मागे लागून सत्कार बक्षीस समारंभाला ढकलला. आता सकाळी पाहुण्यांची फक्त नावं घेतो. माझं बोलणं चार मिनिटांत संपतं आणि तेवढा वेळ मुलं मैदानावर मांडी घालून बसलेली असतात.

पहिला मिनिट मुलांचा. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्या इथून सायकलच्या अंतरावर आहे, म्हणून त्यांचं सांगतो. 1948 ला लंडन ऑलिंपिकला कुस्तीत ते सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले. सहावा नंबर आला त्या दिवशी घरी बसले असते तर 1952 उगवलंच नसतं. एवढंच, पुढे काही जोडत नाही.

उरलेली तीन मिनिटं पालकांची. दोरीच्या आत येऊ नका. आणि अंतिम रेषेच्या पलीकडे मोबाइल धरून उभे राहू नका, कारण मूल रेषेवर थांबत नाही, त्याला पुढे निदान दहा-पंधरा पावलं मोकळी लागतात. एका वर्षी एक पोरगा जिंकला आणि थेट फोटो काढणाऱ्या स्वतःच्या काकावर आदळला, मनगट मोडलं.

शेवटचं सांगतो ते 200 मीटरच्या रेषांचं: “बाहेरच्या लेनमधलं मूल बरंच पुढे उभं दिसेल. त्याला सूट दिलेली नाही. बाहेरून वळण मोठं पडतं, ते भरून काढलंय.” हे सांगायला लागण्याआधी दरवर्षी भांडण व्हायचं. एका पालकाने आमच्या स्टार्टरची कॉलर धरली होती. ज्या वर्षापासून भाषणात हे वाक्य आलं त्या वर्षापासून कोणी धरली नाही. गरज ही आहे.

आर्याची आई
सर, तुमच्या शाळेत चार मिनिटं असतील, आमच्या शाळेत 22 होती. आणि खाशाबांचं दरवर्षी तेच, तसंच ऐकतोय. तुमच्या उत्तरात पडलेल्या मुलीबद्दल एक ओळ नाही, ते मला जास्त लागलं.

घाटावरचा
पोरं उपाशी येतात हो. सकाळी साडेसहाला बस, पोटात दूधसुद्धा नाही. चक्कर येणारच. त्यात भाषणाचा काय दोष? दोन केळी खाऊन पाठवा, तासभर उभी राहतील. आमच्या वेळी झेंडावंदनाला दीड तास उभे राहायचो.

रात्रपाळी सिस्टर
घाटावरचे दादा, उपाशीपोटाने आणि पाणी कमी पडल्याने भर पडते, हे खरं. पण केळी खाल्लेलं मूलही पडतं. आपण चालतो तेव्हा पोटऱ्या आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. गुडघे ताठ करून हलायचंच नाही म्हटलं की ते काम थांबतं, रक्त पायात साचतं, डोक्याला कमी पोचतं. उन्हाने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, त्यामुळे आणखी लवकर. पडण्याआधी मूल पांढरं पडतं, जांभया देतं, घाम सुटतो. त्या वेळी खाली बसवलं तर पडतच नाही. दीड तासात तुमच्या वेळीही पडत असतील, तुम्ही पहिल्या रांगेत असाल म्हणून दिसली नसतील.

पडलं की सगळे एकच चूक करतात, उचलून खुर्चीत बसवतात आणि तोंडाला पाणी लावतात. खुर्ची नको, पाणीही लगेच नको. आडवं ठेवा, पाय वर उचलून धरा. साधारण मिनिटाभरात डोळे उघडून बोलायला लागतं. तसं झालं नाही, किंवा अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध असेल, तर अंगावर पाणी ओतत दवाखाना गाठायचा. आणि जे मूल उभं असताना नाही, पळताना कोसळलं, त्याला ‘चक्कर’ म्हणून घरी पाठवू नका. हृदयाची तपासणी झाल्याशिवाय त्याला पुन्हा पळवायचं नाही.

जिल्हा स्टेडियम
सर, बाकीचं राहू द्या, ते रेषांचं मला पटलेलं नाही. मी कॉलेजात 200 मीटर पळायचो, स्टेडियममध्ये. माझ्या मुलीच्या शाळेत यंदा सहाव्या लेनवाली पहिल्या लेनपेक्षा 31 मीटर पुढे उभी होती. दोरीने मोजलं मी. आम्हाला 200 मीटरला सहाव्या लेनला याच्या निम्मं अंतर मिळायचं. माझी मुलगी पहिल्या लेनमध्ये होती, तिसरी आली. 15 मीटर फुकट दिले दुसऱ्या मुलीला आणि वर भाषणात ‘सूट दिलेली नाही’ म्हणून सांगायचं? तुमच्यासारखेच कोणीतरी सर होते तिथे.

फक्कीवाले सर
तुमच्या शाळेच्या मैदानावर एक फेरी किती मीटरची?

जिल्हा स्टेडियम
त्याचा काय संबंध? 200 ची असेल. उलट मैदान लहान म्हणजे वळण लहान, म्हणजे अंतर अजून कमी द्यायला हवं. साधं आहे.

फक्कीवाले सर
साधं नाही. तिथेच चूक होतेय तुमची. स्टेडियमवर फेरी 400 ची, त्यामुळे 200 मीटरमध्ये एकच वळण. शाळेच्या मैदानावर पूर्ण फेरी, म्हणजे दोन वळणं. वळण दुप्पट, तर भरपाईही दुप्पट. तुमची आठवण बरोबर आहे, मैदान चुकीचं आहे.

सातवी ब चा बाबा
मुळात पीटीचा तास होतो कुठे? माझ्या मुलाचे डिसेंबरपासूनचे सगळे तास गणिताच्या बाईंनी घेतले. मैदानावर गेलाच नाही पोरगा, आणि क्रीडादिनाला थेट 200 मीटर पळवला. मांडीत लचक भरली, आठवडा लंगडत होता. सर, भाषणात हे सांगा एकदा. गणिताच्या बाईंसमोर सांगा.

प्रमेय आणि खडू
मी गणिताचीच बाई आहे. तास घेतलेत मी, नाकारत नाही. दहावीचा निकाल लागला की क्रीडा शिक्षकाला कोणी जाब विचारत नाही, मला विचारतात, आणि जाब विचारणारे तुम्हीच पालक असता. सातवीचे तास मात्र घ्यायला नको होते, हे मान्य.

आता रेषांचं. मैदान लहान म्हणून अंतर कमी, हे दादा, चूक आहे. एक दोरी घागरीच्या गळ्याभोवती गुंडाळा. मग दुसरी दोरी पहिलीपासून चारी बाजूंनी एक मीटर लांब राहील अशी गोल ठेवा. दुसरी सहा मीटर 28 सेंटिमीटर जास्त लागेल. हेच गावच्या विहिरीच्या कठड्याभोवती करा. पुन्हा सहा मीटर 28 च जास्त लागेल. वर्तुळ केवढं यावर ते अवलंबून नाही, फक्त दोन दोऱ्यांमधल्या अंतरावर आहे. शाळेत लेन एक मीटरची आखली असेल तर पूर्ण फेरीला दर लेनमागे 6.28. पहिलीपासून सहावीपर्यंत अशा पाच लेन, म्हणजे 31.4. तुम्ही मोजलेले 31 अगदी बरोबर आहेत. एका वळणाला 15.7, ते तुमचं स्टेडियम.

जिल्हा स्टेडियम
घागर आणि विहीर! स्टेडियमची लेन एक मीटरची नसते बाई, 1.22 ची असते. मग तुमचे 15.7 कुठून आले? पुस्तकातून मैदान कळत नाही.

प्रमेय आणि खडू
लेनच्या रुंदीचं बरोबर बोललात. मग स्टेडियमवर एका वळणाला सहाव्या लेनला 15.7 नाही, 19 च्या आसपास. ‘निम्मं’ हा तुमचा शब्द होता, मी तो धरून चालले. पण त्याने शाळेतले 31 चूक ठरत नाहीत.

फक्कीवाले सर
आवाज चढवायची गरज नाही दादा. खात्री करायची असेल तर टेप पहिल्या लेनच्या आतल्या रेषेपासून 20 सेंटिमीटर बाहेर धरून सुरुवातीपासून अंतिम रेषेपर्यंत मोजा, मग सहाव्या लेनच्या आतल्या रेषेपासून तसंच. दोघींचं आपापल्या सुरुवातीपासून रेषेपर्यंत 200 आलं पाहिजे. खरी चूक होते ती वेगळीच. वळणाचा मध्यबिंदू खुंटी ठोकून पक्का केलेला नसेल तर वळण गोल न राहता अंड्यासारखं होतं, आणि मग कोणाचंच 200 बसत नाही. ते सापडलं तर मी स्वतः तुमच्यासोबत त्या सरांकडे येईन.

जिल्हा स्टेडियम
मोजलं. रविवारी भाऊ आणि मी, दोघांनी. पहिल्या लेनचं 199 आणि काही, सहावीचं 200 आणि थोडं. म्हणजे अन्याय झालाच असेल तर दुसऱ्या मुलीवर झाला. माझ्या मुलीला हे अजून सांगितलेलं नाही. पण सर, पहिली लेन लहान मैदानावर आखूड वळणाची असते, वेग धरताच येत नाही. त्याची भरपाई कोण देतं?

फक्कीवाले सर
कोणी देत नाही. खरं आहे ते. लेन चिठ्ठी टाकून देतात, एवढाच त्यावर उपाय. माझ्या मैदानावर वळणाची त्रिज्या 19 मीटर आहे, आतल्या लेनमधली उंच पोरं चाचपडतातच.

आर्याची आई
चार दिवस झाले, सगळे रेषा मोजताय. सिस्टरनी सांगितलेलं मी छापून शाळेत दिलं. सर, तुमचं भाषण राहू दे, ते पालकांच्या दोरीचं आणि लेनचं सांगायलाच हवं, मानलं. पण मुलं आधीपासून खाली बसलेली हवीत. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, पाहुण्यांसमोर मुलं मातीत बसलेली बरी दिसत नाहीत.

फक्कीवाले सर
माझे मुख्याध्यापकही पहिल्या वर्षी हेच म्हणाले होते. पाहुण्यांनाच विचारलं आम्ही. ते म्हणाले, बसवा की. पण ध्वज आणि शपथ उभ्यानेच होते आमच्याकडे, तिथे मीही अडकलोय. साताठ मिनिटं जातात.

रात्रपाळी सिस्टर
तेवढ्यात पायाची बोटं बुटातल्या बुटात आवळायला आणि सोडायला शिकवा. पोटऱ्या हलतात, सावधान मोडलेलं दिसतही नाही.

घाटावरचा
आणि केळी खायला घाला. ते कोणीच खोडून काढलेलं नाही.