मदत हवी आहे: दाराशी आलं की लघवी आवरतच नाही

शाळेतली_ताई
वय ५२, पाळी थांबून दोन वर्षं झाली. गेले सात-आठ महिने अचानक कळ येते आणि बाथरूम गाठायच्या आत थोडी होऊन जाते. सगळ्यात वाईट म्हणजे घराचं दार. लिफ्टमध्ये काही नसतं, पण किल्ली कुलपात घातली की पाय घट्ट जुळवून उभं राहावं लागतं. काल सलवार भिजली, समोर शेजारच्या काकू होत्या. रात्रभर झोप लागली नाही.

खोकताना-शिंकताना काही होत नाही. जळजळ नाही, कल्चर स्वच्छ, साखर नॉर्मल. लघवी करून आल्यावर सोनोग्राफी केली, मूत्राशय नीट रिकामं होतंय. डॉक्टरांनी ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर सांगितलं, सोलिफेनॅसिन ५ मिग्रॅ लिहून दिली आणि ब्लॅडर ट्रेनिंग करा म्हणाले. ते कसं करायचं हे विचारायचं राहून गेलं. गोळीने तोंड कोरडं पडतं म्हणतात आणि मला दिवसभर वर्गात बोलायचं असतं. कुणी केलंय का हे?

मनोज_नाशिक
ताई, चहा कमी करा, मला फरक पडला होता. पाणीही निम्म्यावर आणा. आणि लघवी करताना धार मध्येच थांबवायची रोज सवय करा, स्नायू बळकट होतात.

गोडबोले_काका
मला रात्री चारदा उठावं लागायचं. टॅमसुलोसिन सुरू केल्यापासून एकदाच. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

फिजिओ_सांगली
काका, तुमची गोळी प्रोस्टेटसाठी, ताईंचा प्रश्न वेगळा आहे.
मनोज, चहाचं बरोबर. पाणी मात्र निम्मं करू नका. लघवी गडद झाली की मूत्राशय जास्तच चिडतं, शिवाय बद्धकोष्ठ झालं तर आणखी त्रास. दिवसाला दीड लिटरच्या आसपास ठेवा, रात्री झोपायच्या दोन तास आधी थांबवा. धार थांबवून व्यायाम रोज करू नये, पूर्ण रिकामं व्हायची सवय बिघडते.

ताई, आधी तीन दिवस वही ठेवा. एक मोजपात्र बाथरूममध्ये, दर वेळी किती वाजता, किती मिली, कळ होती की नुसतंच जाऊन आलात, गळालं का. मग बोलू.

शाळेतली_ताई
वही झाली. दिवसाला १२-१३ वेळा, बहुतेक ९० ते १२० मिली. सकाळी उठल्यावर मात्र ३८० मिली! शाळेत प्रत्येक तासाआधी मी कळ नसतानाही जाऊन येते, वर्गात पंचाईत नको म्हणून. चहा चार कप.

फिजिओ_सांगली
तो ३८० चा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पिशवी लहान झालेली नाही, ती १०० मिलीलाच ओरडायला शिकली आहे, आणि ‘असू दे, जाऊन येऊ’ हीच तिची शिकवणी आहे.

तुमचं अंतर सध्या साधारण सव्वा तासाचं. जागेपणी दीड तासावर जायचं, कळ असो वा नसो. मध्ये कळ आली तर धावायचं नाही. थांबा, जमलं तर बसा, आणि वारा अडवताना आवळतो तसं खाली पाच-सहा वेळा पटापट आवळून सोडा. श्वास चालू ठेवा, मनात सतराचा पाढा म्हणा. कळ लाटेसारखी असते, मिनिटभरात ओसरते. ओसरल्यावर सावकाश चाला. कळ शिगेला असताना धावलात तर धक्क्याने गळतंच. चार-पाच दिवस जमलं की पंधरा मिनिटं वाढवा. शेवटी तीन तासांवर पोचायचंय.

दारासाठी वेगळं. लिफ्टमधून बाहेर आल्यावर, किल्ली पर्समध्येच असताना आवळून घ्या. आत गेल्यावर थेट बाथरूम नको, चपला काढा, पिशवी ठेवा. किल्ली म्हणजे लघवी ही डोक्यातली गाठ सुटायला वेळ लागतो. किमान सहा आठवडे धरा.

लघवीत रक्त, ताप, किंवा पायात बधिरपणा आला तर हे बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

अनघा_पुणे
मला सोलिफेनॅसिनने तोंड इतकं कोरडं पडायचं की भाकरी गिळवेना. मग मिराबेग्रॉन दिली, तिच्यावर बीपी तपासत राहावं लागतं. पाळी गेल्यानंतर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीमही असतं, विचारून बघा.

शाळेतली_ताई
पाच आठवडे झाले. दोन तासांवर आले आहे, आठवडाभरात एकदाच गळालं, तेही भांडी घासताना नळ सोडला तेव्हा. पहिल्या दहा दिवसांत उलट जास्त वाटलं, सोडून देणार होते. दाराशी अजून कळ येते, पण आता चपला काढेपर्यंत थांबता येतं. चहा दोन कपांवर आणला.

गोळी अजून घेतलेली नाही. डॉक्टर म्हणतात दोन्ही एकत्र केलं तर लवकर फरक पडेल. पुढच्या महिन्यात शाळेची सहल आहे, बसचे चार तास. फक्त तेवढ्यासाठी आदल्या दिवशी घेऊन चालेल का?

फिजिओ_सांगली
एका दिवसात तिचा पूर्ण परिणाम दिसत नाही, काही आठवडे लागतात. घ्यायची तर आत्ताच डॉक्टरांशी बोला. आणि बस दोन तासांनी थांबवायला आधीच सांगून ठेवा, मुलांनाही लागतेच.