शनिवार-रविवारची चालायची स्पर्धा: पावलांची बेरीज की टक्केवारी?

चिऊ: मंडळी, उठा उठा! 🎉 या आठवड्यापासून आपली चालायची स्पर्धा. शनिवार-रविवार मिळून ज्याची पावलं जास्त, तो जिंकला. शेवटच्यानं मिसळ द्यायची. रविवारी रात्री बाराच्या आत फोनवरच्या आकड्याचा स्क्रीनशॉट टाका. नियम पटतोय ना?

बापूमामा: नाही पटत गं. नुसती बेरीज लावलीस तर निकाल आजच लागला. प्रत्येकानं स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा किती टक्के वाढवलं ते बघ. आजीची दोन दिवसांची 4,000 पावलं होतात. 5,200 झाली की 30 टक्के. रोहन 18,000 वरून 19,800 वर गेला तरी 10 टक्केच. आजी जिंकली.

रोहन: मग मी आधीचा आठवडा लोळून काढतो, म्हणजे टक्के आपोआप वाढतील! त्यापेक्षा रोज 10,000 ठेवा. डॉक्टरांनीच ठरवलेला आकडा आहे.

बापूमामा: डॉक्टरांनी नाही रे. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर'. तिथून तो पसरला. आकडा वाईट नाही, पण आजीला तो लावू नकोस. आणि लोळायचं म्हणशील, तर मागच्या चार शनिवार-रविवारची सरासरी धरू. ती फोनमध्ये आधीच साठलेली आहे.

सुमनकाकू: माझ्या फोनचं काय? मंडईत तासभर फिरले तरी 300 च दाखवतो. बिघडलाय बहुतेक.

वर्षाताई: काकू, फोन ट्रॉलीच्या पिशवीत ठेवता ना? पाऊल पडताना अंगाला जो हिसका बसतो तो फोन मोजतो. ट्रॉलीत तो पोचतच नाही. मनगटावरच्या घड्याळाचंही तेच, ट्रॉली ढकलताना हात हलत नाही. फोन कमरेच्या बटव्यात ठेवून मोठ्यानं मोजत 100 पावलं चाला, मग दोन मिनिटं थांबून बघा, कारण आकडा उशिरा बदलतो. 90 ते 110 वाढला तर फोन ठीक. आणि चिऊ, तुमचे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा इथे न्यूजर्सीत रविवारची दुपार असते. निकाल सोमवारी सकाळी अकराला लाव.

अण्णा: टक्क्यांचंही मला पटत नाही. आठवडाभर खुर्चीत बसणारा माणूस जिंकायला शनिवारी एकदम दुप्पट चालला, की सोमवारी सकाळी पहिलं पाऊल टेकताना टाच ठणकते. 30 टक्क्यांच्या वरचं मोजूच नका.

चिऊ: अकरा वाजता, कबूल. पण अण्णा, मग निम्मे घर 30 वर बरोबरीत येणार!

रोहन: आणि आधीच भरपूर चालणाऱ्यानं 30 टक्के आणायचे कुठून? शेवटचा मीच.

अण्णा: मग मिसळ तूच दे.